पुस्तिका शेवटाकडून वाचा

वॉशिंग मशीनची पुस्तिका मी शेवटच्या पानाकडून वाचायला घेतो. कारखान्यात मेन्टेनन्सला होतो तेव्हापासूनची ही सवय. यंत्र कोणतंही असो, आधी त्याच्या मागण्या बघायच्या: वीज किती लागते, पाणी कसं लागतं, जागा केवढी लागते. घरगुती यंत्रांच्या पुस्तिकांत ही माहिती बहुधा अगदी शेवटी, वॉरंटीच्या अटींच्या शेजारी, बारीक टायपातल्या एका तक्त्यात असते. सुरुवातीची पानं मात्र इशाऱ्यांनी भरलेली. त्यामुळे माणूस पहिल्या पानांवरच कंटाळतो, मग अडचण आली की थेट ‘समस्या आणि उपाय’ हा तक्ता उघडतो आणि मधलं-शेवटचं सगळं कोरं राहतं.

धाकट्या बहिणीकडे नाशिकला नेमकं हेच झालं. चार मजल्यांची इमारत, तिचं घर चौथ्या मजल्यावर. समोरून दार उघडणारं नवं मशीन घेतलं. कपडे टाकले, बटण दाबलं की आत पाण्याची बारीक धार सुरू व्हायची, आणि बऱ्याच वेळाने मशीन थांबून डिस्प्लेवर कोड दाखवायचं. पुस्तिकेत त्या कोडचा अर्थ होता, पाणी येत नाही. उपाय तीन: नळ पूर्ण उघडा आहे का पाहा, पाइपला पीळ पडलाय का पाहा, पाइपच्या टोकाची जाळी साफ करा. तिने तिन्ही केले. मग सर्व्हिसवाला आला आणि त्याने तीच जाळी पुन्हा साफ केली. पुढच्या खेपेला वॉरंटीत पाण्याचा व्हॉल्व्ह बदलला. त्यानंतर दुसराच कुणी आला, “तुमचं पाणी जड आहे” म्हणाला, आणि नळ व पाइप यांच्यामध्ये पाणी मऊ करणारं एक नळकांडं पैसे घेऊन बसवून गेला. तोवर मशीन सकाळी तरी कधीकधी चालायचं. नळकांडं बसवल्यावर तेही बंद झालं.

गणपतीला गेलो तेव्हा ती वैतागलेली होती. “दादा, पीसच खराब निघालाय. बदलून मागते आता.”

“पुस्तक कुठंय?”

“त्यात काही नाही. मी बघितलंय सगळं.”

तिने तक्ता बघितला होता, आणि तक्त्यात खरंच काही नव्हतं. शेवटच्या पानावर होतं: पाण्याचा दाब, ०.०५ ते ०.८ एमपीए. एमपीए म्हणजे मेगापास्कल. त्याला बिचकायचं कारण नाही. टाकीतल्या पाण्याची पातळी नळापेक्षा एक मीटर उंच असली, तर नळाशी जवळजवळ ०.०१ एमपीए दाब मिळतो. म्हणजे ०.०५ हवा असेल तर पाणी नळाच्या ५ मीटर वर पाहिजे. टाकी लांब-रुंद किती, तिच्यात लिटर किती, याचा इथे संबंध नाही. फक्त उंची मोजायची.

आम्ही मोजली. मशीनचा नळ जमिनीपासून १ मीटरवर. गच्चीचा स्लॅब ३ मीटरवर. टाकीचा तळ गच्चीच्या वर अर्धा मीटर, आणि टाकी भरली की आत पाणी १ मीटर. नळापासून मोजलं तर भरलेल्या टाकीत साडेतीन मीटर, तळाला आल्यावर अडीच मीटर. दाब झाला ०.०३५ ते ०.०२५ एमपीए, पुस्तिका मागते त्याच्या सत्तर ते पन्नास टक्केच. आणि हा हिशेब पाणी स्थिर असतानाचा. पाइपमधून वाहताना दाब आणखी घटतो. सकाळी टाकी भरलेली असायची म्हणून मशीन कसंबसं चालायचं, दुपारी नाही. खालच्या मजल्यावरच्या वहिनींकडे तेच मॉडेल बिनतक्रार चालत होतं, कारण त्यांना आणखी ३ मीटर उंची फुकट मिळत होती. आणि ते मऊ पाण्याचं नळकांडं! मुळात दाब कमी, त्यात वाटेवर अडथळा बसवलेला. जड पाण्यावर त्याचा उपयोग नाही असं नाही, पण इथे ते औषध चुकीच्या रोग्याला दिलं गेलं होतं.

नळकांडं काढलं. प्लंबरकडून त्या लाइनवर छोटा प्रेशर पंप बसवला. पंप घेतानाही तोच तक्ता समोर ठेवला, कारण त्यात कमाल मर्यादाही असते आणि फार जोराचा पंप व्हॉल्व्हवर उलटू शकतो. मशीन लगेच चालू झालं. त्यात बिघाड नव्हताच.

ज्यांना उंचीचा हिशेब नको, त्यांच्यासाठी बादली आहे. काही पुस्तिकांत मिनिटाला किती लिटर पाणी हवं तेही दिलेलं असतं. समजा ८ लिटर लिहिलंय. मग मशीनचा पाइप नळावरून काढा, नळ पूर्ण उघडा आणि १० लिटरची बादली लावा. ती सव्वा मिनिटात भरली पाहिजे. दोन मिनिटं लागली तर सर्व्हिसवाल्याऐवजी प्लंबरला फोन करा. ही चाचणी सकाळी नको, टाकी रिकामी होत आली असेल तेव्हा घ्या.

यातून मी एक गोष्ट सगळ्यांना सांगतो. ‘समस्या आणि उपाय’ हा तक्ता असं धरून चालतो की यंत्र पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे बसवलेलं आहे. ते तसं नसेल, तर तक्त्यातले सगळे उपाय खरे असूनही निरुपयोगी ठरतात. म्हणून मी प्रत्येक यंत्राचा स्वतःचा एक कागद बनवतो. त्यावर प्रत्येक तक्रारीपुढे तक्त्यातला उपाय लिहिताना, ‘बसवणी’ची पानं आणि शेवटचा तक्ता यांत त्याच भागाबद्दल काय म्हटलंय ते शोधून शेजारी लिहायचं. सांडपाण्याच्या पाइपचं उदाहरण घ्या. मशीनमध्ये पाणी सतत भरतंय आणि सतत बाहेर जातंय, अशी तक्रार असते. कारण बसवणीच्या पानावर सापडतं: पाइपचं टोक ठरावीक उंचीवर, बहुतेक मशीनना साधारण ६० ते १०० सेंटिमीटरच्या दरम्यान, अडकवायचं असतं. आपल्याकडे ते सर्रास मोरीच्या जाळीपाशी जमिनीवर सोडतात. मग आत आलेलं पाणी पंप न लावताच उतारावरून ओढलं जातं, आणि मशीन बिचारं भरतच राहतं.

विजेची ओळही याच शेवटच्या तक्त्यात. पाणी तापवणाऱ्या मशीनवर २००० वॅट किंवा त्याच्या आसपासचा आकडा असतो. २३० व्होल्टवर याचा अर्थ जवळपास ९ अँपियर. साधा छोटा सॉकेट ६ अँपियरचा, म्हणून मोठा १६ अँपियरचाच हवा, आणि त्याला अर्थिंग खरंखुरं असायला हवं. थंड पाण्यात धुताना एक्स्टेन्शन बोर्डावर सगळं सुरळीत चालतं, हाच त्यातला धोका आहे. एक दिवस कुणी गरम पाण्याचा प्रोग्राम लावतो आणि बोर्ड वितळायला लागतो. प्लगला हात लावून पाहा. कोमट ठीक, चटका नको.

आता इशारे. पुस्तिकेत ते एकगठ्ठा असतात, आणि मी ते पहिल्यांदा फोडतो. ‘लहान मुलांपासून दूर ठेवा’, ‘ओल्या हाताने प्लग काढू नका’ ही वाक्यं मिक्सरपासून टीव्हीपर्यंत सगळीकडे सारखीच. ती खोटी नाहीत, पण त्यांच्या गर्दीत याच यंत्रापुरते असलेले इशारे हरवतात. ते कसे ओळखायचे? त्यांत बहुधा एखाद्या सुट्या भागाचं, कपड्याचं किंवा द्रवाचं नाव येतं. ‘पाणी आत न शिरणारे कपडे पिळू नका’ हे वाक्य घ्या. ते वाचून कुणाला रेनकोट आठवत नाही. पण जुलैत चिखलाने भरलेला रेनकोट मशीनमध्ये टाकला की त्याच्या घडीत पाणी साठून राहतं, ड्रम जोरात फिरताना ते ओझं एका बाजूला जातं आणि मशीन जागेवरून उडायला लागतं. म्हणून माझ्या कागदावर हा इशारा सुरक्षिततेच्या यादीत नसतो. ‘कपडे टाकताना’ या ओळीत ‘रेनकोट, ताडपत्री, प्लास्टिकचं बाळोतं नको’ असा असतो. तसंच रॉकेल, पेट्रोल किंवा थिनर लागलेल्या फडक्यांचं. त्यांची वाफ आत कोंडते आणि पेटू शकते.

गाळणीचा इशारा तर हमखास चुकीच्या जागी छापलेला असतो. मशीनच्या तळाशी पुढे एक झाकण असतं, त्यामागे पंपाची गाळणी. पाणी बाहेर जात नसेल तर ती उघडून नाणी, हेअरपिन, धाग्यांचे गोळे काढायचे, हे तक्त्यात लिहिलेलं असतं. पण गरम धुलाईनंतर लगेच उघडू नका, हे तीस पानं आधी. दोन्ही एकाच ओळीत आली पाहिजेत: प्लग काढा, पाणी गार होऊ द्या, खाली पसरट भांडं ठेवा, शेजारी छोटी नळी असेल तर आधी तिने पाणी सोडा, मग गाळणी हळूहळू फिरवा. पाणी अजून जोरात येतंय असं दिसलं तर उलटी फिरवून बंद करा.

बसवणीच्या पानांवर एक आकृती कधी सोडू नका: मागच्या बाजूचे ट्रान्झिट बोल्ट. ड्रम स्प्रिंगवर टांगलेला असतो. ट्रकमध्ये हादरे बसू नयेत म्हणून कारखान्यात तो तीन-चार बोल्टांनी जखडून टाकतात. ते न काढता मशीन लावलं तर पिळताना अख्खं मशीन खोलीभर चालत जातं आणि आतले भाग तुटतात. बसवणारा घाईत असतो, म्हणून तो निघण्यापूर्वी मोजायचं. आकृतीत चार असतील तर चार बोल्ट हातात आले पाहिजेत आणि मागे चार भोकांवर टोपणं बसलेली दिसली पाहिजेत. बोल्ट फेकू नका. घर बदलताना ते पुन्हा लागतात, आणि मूव्हर्स-पॅकर्सवाल्यांकडे ते नसतात.

एक सावधगिरी. खोक्यातली पुस्तिका बऱ्याचदा अनेक मॉडेलची मिळून एकच असते. दाराच्या आत किंवा मागे पट्टी असते, तिच्यावरचा मॉडेल नंबर आधी लिहून घ्या आणि पुस्तिकेतल्या त्याच रकान्याखाली पेन्सिलीने रेघ मारा. नाहीतर सात किलोच्या मशीनला नऊ किलोचे नियम लागतात.

बहिणीच्या मशीनचा कागद आता मशीनशेजारच्या भिंतीवर आहे. वर मॉडेल नंबर आणि वीज-पाण्याचे आकडे, मधे रोजच्या कामाच्या ओळी त्यांच्या इशाऱ्यांसकट, खाली तक्रारी. तक्रारींच्या मधोमध मी एक आडवी रेघ ओढली आहे. रेघेच्या वरचं घरात करायचं: नळ, जाळी, गाळणी, पाय सपाट करणं. रेघेच्या खाली तीनच गोष्टी आहेत: मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या येणं, जळका वास, आणि तळातून पाणी गळणं. तिथे मशीनला हात न लावता भिंतीवरचा स्विच बंद करायचा. बोर्ड ओला असेल तर घराचा मेन स्विच. मग नळ बंद करायचा आणि सर्व्हिसवाल्याला फोन लावायचा. फोनवर ‘मशीन बिघडलंय’ म्हणू नका. मॉडेल नंबर, कोड, आणि तो पाणी भरताना आला, धुताना आला की पिळताना, एवढं सांगा.