टायमर राहिलाय आणि प्रॅक्टिकल सोमवारी आहे

सेमिस्टर संपत आलं की ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या पालकांचे फोन ठरलेले असतात. मुलगा किंवा मुलगी डिप्लोमाच्या इलेक्ट्रॉनिक्सला किंवा डिग्रीच्या ईएक्सटीसीला असते. एलईडी लावणं, पोर्टवरून स्विच वाचणं इथपर्यंतची प्रॅक्टिकल्स झालेली असतात. रजिस्टर आणि टायमर आले त्या आठवड्यात मात्र आजारपण आलं, नाहीतर फेस्ट, आणि पुढचं सगळं जर्नलमध्ये नुसतं उतरवून काढलं. आता प्रॅक्टिकल आठवड्यावर आहे आणि बाहेरचा परीक्षक येणार आहे. थिअरी आणि प्रॅक्टिकल यांचं पास होणं वेगवेगळं असतं, त्यामुळे लेखी पेपरातले मार्क इथे कामाला येत नाहीत. पालक विचारतात, एवढ्यात सगळं होईल का?

सगळं होणार नाही, आणि सगळं करायचंही नाही. ८०५१ च्या प्रॅक्टिकलमध्ये टायमरचा डिले हा एक प्रोग्राम असा आहे की तो खरोखर हातात आला तर एलईडी, स्क्वेअर वेव्ह, स्टेपर मोटर, सिरियल असे अर्धेअधिक प्रयोग त्याच्याच भोवती फिरताना दिसतात. म्हणून सातांपैकी चार दिवस त्या एका प्रोग्रामला द्यावेत, असं माझं मत आहे. (कॉलेजात ८०५१ ऐवजी एआरएम किंवा एव्हीआर असेल तर रजिस्टरची नावं आणि गणित बदलेल, शिकायची पद्धत हीच राहील.)

सोमवारच्या परीक्षेसाठी सुरुवात आधीच्या सोमवारी करायची, आणि तीही पुस्तकाने नाही. कॉलेजात गेल्यावर लॅब असिस्टंटला दोन गोष्टी विचारा: किटवर चिप कोणती आहे आणि क्रिस्टल किती मेगाहर्ट्झचा आहे. क्रिस्टलच्या चकचकीत डबीवर आकडा छापलेला असतो, बहुधा 11.0592 किंवा 12. पुढचं सगळं गणित या आकड्यावर उभं आहे. पाठ केलेला प्रोग्राम किटवर चालत नाही त्यामागेही पुष्कळदा हाच आकडा असतो. एलईडी कोणत्या पोर्टला आहे तेही पाहून घ्या. पोर्ट ० ला बाहेरून पुल-अप रेझिस्टर लागतात, ते नसतील तर प्रोग्राम बरोबर असूनही एलईडी न पेटण्याची शक्यता असते.

मंगळवारी फक्त दोन रजिस्टर. TMOD आठ बिटांचं आहे. वरचे चार बिट टायमर १ चे, खालचे चार टायमर ० चे. प्रत्येक चौकडीत डावीकडून GATE, C/T, M1, M0. GATE शून्य ठेवला की टायमर फक्त आपल्या प्रोग्रामचं ऐकतो. C/T शून्य म्हणजे आतलं घड्याळ मोजायचं, एक म्हणजे बाहेरच्या पिनवरचे पल्स. M1 M0 म्हणजे 01 असेल तर मोड १, सोळा बिटांचा टायमर. म्हणून टायमर ० मोड १ मध्ये हवा असेल तर TMOD मध्ये 0x01. टायमर चालू-बंद करणारा TR0 आणि टायमर भरून उलटला हे सांगणारा TF0 हे दोन्ही TCON मध्ये असतात.

इथे परीक्षकाचा एक आवडता प्रश्न दडलेला आहे. प्रोग्राममध्ये TR0 = 1 असं थेट लिहिता येतं, मग M0 = 1 असं का लिहिता येत नाही? TCON चा पत्ता 88H आहे आणि TMOD चा 89H. ८०५१ मध्ये ज्या विशेष रजिस्टरचा पत्ता आठने भागला जातो, त्याचेच बिट एकेकटे हाताळता येतात. TMOD पूर्ण आठ बिटांचाच लिहावा लागतो. एवढं उत्तर शांतपणे दिलं की परीक्षकाचा सूर बदलतो.

बुधवार गणिताचा. ८०५१ मध्ये बारा क्लॉकची एक मशीन सायकल होते आणि टायमर दर मशीन सायकलला एकने वाढतो. 11.0592 मेगाहर्ट्झला बाराने भागलं की सेकंदाला ९,२१,६०० मोजण्या, म्हणजे एक मोजणी साधारण 1.085 मायक्रोसेकंदाची. आपल्याला ५० मिलिसेकंदांचा डिले हवा, म्हणजे ४६,०८० मोजण्या हव्यात. टायमर ६५,५३६ ला उलटतो, म्हणून सुरुवात ६५,५३६ वजा ४६,०८० म्हणजे १९,४५६ पासून करायची. हेक्समध्ये वजाबाकी करायला जाऊ नका, मुलं तिथेच घसरतात. १९,४५६ ला २५६ ने भागा: भागाकार ७६, बाकी ०. ७६ म्हणजे हेक्समध्ये 4C. भागाकार TH0 मध्ये, बाकी TL0 मध्ये, झालं. हेच १२ मेगाहर्ट्झसाठी केलं तर ५०,००० मोजण्या, सुरुवात १५,५३६ पासून. २५६ ने भागल्यावर ६० आणि बाकी १७६, म्हणजे 3C आणि B0.

हे गणित लोकलमध्ये करायला फार सोयीचं आहे. डोंबिवलीहून ठाण्याला जाताना गर्दीत पुस्तक उघडता येत नाही, पण एका कार्डावर १० मिलिसेकंद, २० मिलिसेकंद असे आकडे लिहून प्रत्येकाचे TH0, TL0 काढता येतात. ७१ मिलिसेकंदांच्या पुढचा डिले एका फेरीत का निघत नाही, हेही तिथेच उमगेल: ६५,५३६ ला 1.085 ने गुणून पाहा. एक सेकंद हवा असेल तर ५० मिलिसेकंद वीस वेळा.

गुरुवारी केल उघडा. फुकटची आवृत्ती दोन केबीपर्यंतचा कोड घेते, प्रॅक्टिकलला तेवढा पुरून उरतो. शेवटच्या आठवड्यात लॅमिंग्टन रोडवरून किट आणण्याची पालकांची तयारी असते; तो खर्च टाळा. नवं किट, त्याचा प्रोग्रामर, त्याचं ड्रायव्हर यातच दोन दिवस जातात. घरच्या लॅपटॉपवरचं सिम्युलेशन या कामाला पुरेसं आहे.

```c
#include <reg51.h>
sbit LED = P1^0;

void delay50ms(void)
{
    TMOD = (TMOD & 0xF0) | 0x01;
    TH0 = 0x4C;
    TL0 = 0x00;
    TR0 = 1;
    while (TF0 == 0);
    TR0 = 0;
    TF0 = 0;
}

void main(void)
{
    unsigned char i;
    while (1) {
        LED = !LED;
        for (i = 0; i < 20; i++)
            delay50ms();
    }
}
```

प्रोजेक्टच्या Options for Target मध्ये Xtal चा आकडा 11.0592 करायला विसरू नका. तिथे आधीपासून दुसराच आकडा असतो आणि मग सिम्युलेटरमधली वेळ चुकीची दिसते. डिबगमध्ये LED च्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावा. डाव्या खिडकीत रजिस्टरांच्या खाली sec असं लिहिलेलं असतं. दोन थांब्यांमधला फरक एका सेकंदाच्या अगदी जवळ यायला हवा; फंक्शनला येण्याजाण्याचा किंचित वेळ त्यात मिसळतो.

प्रोग्राम चालला की बहुतेक मुलं लॅपटॉप मिटतात, आणि खरा अभ्यास इथूनच सुरू होतो. शुक्रवारी हाच चालता प्रोग्राम मुद्दाम मोडायचा, एका वेळी एकच ओळ, आणि काय बिघडलं ते वहीत लिहायचं.

TR0 = 1 काढून टाका. टायमर सुरूच होत नाही, प्रोग्राम while मध्ये अडकतो आणि एलईडी जशाचा तसा राहतो. ती ओळ परत घालून शेवटची TF0 = 0 काढा. पहिला डिले नीट होतो, त्यानंतर TF0 चा झेंडा वरच राहिल्याने प्रत्येक डिले क्षणात संपतो. किटवर एलईडी मंदपणे सतत पेटल्यासारखा दिसतो. TH0, TL0 भरायच्या ओळी फंक्शनमधून काढून main च्या सुरुवातीला एकदाच लिहा. पहिल्या फेरीनंतर टायमर शून्यापासून मोजू लागतो, ५० चे ७१ मिलिसेकंद होतात आणि सेकंदाचा सुमारे 1.42 सेकंद.

सर्वांत बोलकी चूक TMOD मध्ये 0x01 ऐवजी 0x10 लिहिण्याची. त्यासाठी फंक्शनमधली TMOD ची पूर्ण ओळ बदलून TMOD = 0x10 करा. आता मोड १ टायमर १ ला गेला आणि आपला टायमर ० मोड ० मध्ये राहिला. तिथे तो तेरा बिटांचाच असतो, TL0 चे फक्त पाच बिट कामाला येतात. आपल्या आकड्यांनी ४६,०८० ऐवजी ५,७६० मोजण्या होतात, नेमका आठवा हिस्सा. म्हणून परीक्षेत एलईडी ठरल्यापेक्षा आठपट वेगाने लुकलुकताना दिसला तर लूपचे आकडे बदलत बसू नका, सरळ TMOD पाहा.

१२ मेगाहर्ट्झचे 3C, B0 हे आकडे 11.0592 च्या किटवर घातले तर मात्र डोळ्यांना फरक कळत नाही, कारण सेकंदाचा 1.085 सेकंद होतो. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर एलईडीच्या तीस उघडझापा मोजल्या की ६० ऐवजी ६५ सेकंद येतात.

शनिवारी टायमर १ आणि सिरियल. मोड २ मध्ये टायमर आठ बिटांचा असतो आणि उलटला की TH1 मधला आकडा आपोआप पुन्हा भरतो. ९६०० बॉडसाठी ९,२१,६०० ला ३२ ने भागून २८,८००, त्याला ९६०० ने भागून बरोबर ३. म्हणून TH1 मध्ये २५६ वजा ३, म्हणजे 0xFD. 11.0592 हा विचित्र आकडा किटवर का असतो, त्याचं उत्तर या बरोबर ३ मध्ये आहे. १२ मेगाहर्ट्झवर हाच भागाकार 3.26 येतो, ३ घेतले तर वेग साडेआठ टक्के चुकतो आणि स्क्रीनवर अक्षरांऐवजी कचरा येतो. वरच्या फंक्शनमध्ये TMOD & 0xF0 कशासाठी लिहिलं, तेही आता कळेल. तिथे नुसतं TMOD = 0x01 असतं तर डिले बोलावताच टायमर १ चा मोड पुसला गेला असता आणि चालतं सिरियल बंद पडलं असतं.

रविवारी नवीन काही नाही. एकदा घड्याळ लावून कोऱ्या कागदावर गणित आणि प्रोग्राम लिहा, टाइप करा, Output मध्ये Create HEX File ला टिक आहे का पाहा आणि बिल्ड करा. ती टिक राहिली तर किटवर टाकायला फाइलच तयार होत नाही, आणि परीक्षेच्या घाईत हे लवकर लक्षात येत नाही. राहिलेल्या वेळात जर्नलमधल्या सह्या पूर्ण आहेत ना ते बघा.

पालकांना एक काम करता येईल आणि त्यासाठी इलेक्ट्रॉनिक्स यावं लागत नाही. रात्री वही हातात घ्या, प्रोग्राममधल्या कोणत्याही ओळीवर बोट ठेवा आणि विचारा, ही ओळ काढली तर एलईडीचं काय होईल? उत्तर वहीत आहेच, ताडून पाहा. तोंडीला परीक्षक याहून फार वेगळं विचारत नाही.

परीक्षेत स्लिप हातात आली की आधी क्रिस्टल वाचा, मग कागदावर गणित करा आणि ते कागदावरच राहू द्या, खोडू नका. किटने साथ दिली नाही, केबल सैल निघाली, तर परीक्षकाला दाखवायला ते गणित आणि सिम्युलेटरमधला sec चा फरक हाताशी असतो. आउटपुट आलं नाही तर TR0, मग TF0, मग TMOD, मग पोर्टची पिन, या क्रमाने तपासा. तेही झालं नाही तर लॅब असिस्टंटला दुसरं किट मागा.