प्रशिक्षणार्थीचा पहिला आठवडा

भिलाई इस्पात कारखान्याच्या वसाहतीतील बँक शाखेत निवृत्त कामगारांची वर्दळ नेहमीचीच. अशा शाखेत वाणिज्य शाखेची एक विद्यार्थिनी महिनाभराच्या प्रशिक्षणासाठी आली आणि खाती उघडण्याचे काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्यावर तिची जबाबदारी सोपविण्यात आली, असे समजू. त्याने पूर्वी कोणाला शिकविलेले नाही. ‘शेजारी बसा आणि पाहा’ असे म्हणण्याचा मोह साहजिक आहे; पण पाहणाऱ्याला हात दिसतात, निर्णय दिसत नाही.

म्हणून आठवड्यासाठी एकच काम निवडावे : बचत खात्याच्या अर्जाची छाननी. आठवडाही महिन्याच्या आरंभीचा नसावा, कारण त्या गर्दीत शिकविणे होत नाही. सोमवारी गोपनीयतेच्या पत्रावर स्वाक्षरी घ्यावी आणि कोरा अर्ज तिच्याकडूनच भरून घ्यावा. ग्राहक कोठे अडखळतो, ते त्यातून उमगते. मंगळवारी कल्पित माहितीचे पाच अर्ज द्यावेत. काहींत मुद्दाम चुका ठेवाव्यात, मात्र किती ते सांगू नये.

बुधवारी खिडकीवर एक निवृत्त कामगार येतो. त्याच्या आधारपत्रावर सेक्टरमधील कंपनीच्या क्वार्टरचा पत्ता आहे. क्वार्टर मात्र त्याने सोडले आहे. येथे मार्गदर्शकाने आपला विचार मोठ्याने बोलून दाखवावा. ओळख पटली, पत्ता पटला नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशा वेळी दोन महिन्यांच्या आतील वीजबिल, मालमत्ता कराची पावती किंवा पत्ता असलेला निवृत्तिवेतन आदेश पत्त्यापुरता चालतो. मात्र नव्या पत्त्याचा अधिकृत दस्तऐवज ग्राहकाने तीन महिन्यांत आणून द्यावा लागतो. ही मुदत नोंदवहीत लिहिली नाही, तर ती विसरली जाते. चूक नेमकी येथेच होते.

गुरुवारपासून क्रम उलटा करावा : अर्ज आधी तिने पाहावा, मग त्याने. तिचा शेरा पेन्सिलीने, वेगळ्या कागदावर असावा. संगणकावरील नोंद त्यानेच करावी आणि मंजुरी दुसऱ्या अधिकाऱ्याने द्यावी. कितीही घाई असली, तरी स्वतःचा पासवर्ड तिला देऊ नये; त्या नावाने झालेल्या प्रत्येक नोंदीचा जाब त्यालाच द्यावा लागतो.

रोज सकाळी खिडकी उघडण्यापूर्वी दहा मिनिटे दिवसाचे काम सांगण्यास पुरतात. सायंकाळची दहा मिनिटे अधिक मोलाची. ‘समजले का?’ या प्रश्नाला उत्तर नेहमी ‘हो’ असेच येते. त्याऐवजी ‘तो अर्ज तुम्ही का थांबविलात?’ असे विचारावे. ‘पत्ता जुळत नव्हता’ एवढेच उत्तर आले, तर शिकणे अर्धे झाले. ‘वीजबिल चार महिन्यांपूर्वीचे होते, नवे मागावे लागेल’ असे ती म्हणाली, तर पुढच्या आठवड्यात तिला ग्राहकाशी स्वतः बोलू द्यावे, अर्थात मार्गदर्शक शेजारी असताना.