युनियनची टायर सवलत: गाडीवर चढेपर्यंतचा खरा खर्च

चंडीगडच्या एखाद्या टॅक्सी युनियनच्या सचिवाचा सभासदांना निरोप येतो: ‘नव्या टायरवर १५ टक्के सवलत, रविवारी फिटिंग शिबिर, नावे नोंदवा.’ दिल्लीच्या सपाट महामार्गावर आणि काल्का-सोलनमार्गे सिमल्याच्या वळणांवर रोज गाडी घालणाऱ्या चालकाला हा निरोप कामाचा आहे. पण त्यात लिहिलेला टक्का कोणत्या किमतीवरचा, हे आधी विचारायला हवे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. जुन्या दरपत्रकात करासह ४,४०० रुपये असलेला टायर, मूळ किंमत तीच धरली, तर साधारण ४,०५६ रुपयांना बसतो. म्हणजे विक्रेता जुन्या दरपत्रकावरून सवलत मोजत असेल, तर तिच्यातले जवळजवळ ८ टक्के सरकारने कमी केलेल्या कराचेच आहेत. सचिवांनी चालू दरपत्रक मागून घ्यावे आणि टक्का त्यावरच ठरवावा.

आता हिशेब करून पाहू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, आपल्या भागातले भाव घालून पाहावेत. चालू किंमत ४,४०० रुपये असेल, तर १५ टक्के सवलतीने टायर ३,७४० रुपयांना आणि चार टायर १४,९६० रुपयांना पडतात. त्यावर बॅलन्सिंग आणि नवे व्हॉल्व्ह यांचे टायरमागे २१० रुपये, अलाइनमेंटचे ४०० रुपये. बिल झाले १६,२००. जुने टायर विक्रेत्याने ठेवून घेतले, त्यांचे काहीच दिले नाही. शेजारचा दुकानदार टायर ४,००० ला देतो, सवलत जेमतेम ९ टक्के. पण फिटिंग, बॅलन्सिंग, अलाइनमेंट त्यातच, शिवाय जुन्या टायरचे प्रत्येकी ३०० रुपये वजा. चालकाच्या खिशातून गेले १४,८००. युनियनचा सौदा १,४०० रुपयांनी महाग पडला! सचिवांनी भाव ठरवताना ‘गाडीवर चढवलेल्या टायरचा, जुना टायर वजा करून’ एकच आकडा लेखी घ्यावा. याच उदाहरणात तो १३,७६० पर्यंत येऊ शकतो.

जुना टायर घेणारा त्याचे पुढे काय करतो, तेही पाहावे. झिजलेल्या टायरवर पुन्हा खाचा कोरून तो विकला जातो. कारच्या टायरमध्ये खाचांखाली रबराचा थर पातळ असतो आणि कोरताना आतल्या तारांपर्यंतचे संरक्षण जाते. असा टायर घाटात फुटू शकतो.

घाऊक विक्रीत गोदामात पडून राहिलेला माल खपवणे सोपे असते, म्हणून बसवण्याआधी टायरची बाजू वाचावी. तिथल्या उत्पादनाच्या चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. दीड-दोन वर्षांपूर्वीचा असेल तर बदलून मागावा. तिथेच मापाशेजारी भारक्षमतेचा आकडा असतो. डिझायर टूरच्या १६५/८० आर १४ टायरवर ८५ असेल, तर एका टायरची क्षमता ५१५ किलो. स्वस्तात मिळतो म्हणून यापेक्षा कमी आकड्याचा टायर घेऊ नये. चार प्रवासी आणि छतावर सामान घेऊन चढ चढणाऱ्या गाडीला तो पुरत नाही. आयएसआय चिन्हही पाहावे.

दोनच टायर घ्यायचे असतील तर ते मागे बसवावेत. पुढच्या चाकांवर ओढ असल्याने पुढचे लवकर झिजतात, म्हणून चालक नवे पुढे टाकतात. पण ओल्या वळणावर मागचे घासलेले टायर सुटले, तर गाडी मागून फिरते आणि ती सावरणे फार कठीण असते. पुढचे सुटले तर वेग कमी करून निभावता येते. झीज किती हे खाचेतल्या उंचवट्यावरून कळते, तो १.६ मिमीवर असतो. रबर त्याच्या बरोबरीला आले की टायर संपला.

शिबिराच्या दिवशी खोळंबा होतो तो अलाइनमेंटला. एका यंत्रावर एका गाडीला अर्धा तास धरला, तर आठ तासांत सोळाच गाड्या होतात. चाळीस नावे घेऊन सगळ्यांना सकाळी बोलावले, तर संध्याकाळी घाईत अलाइनमेंट वगळले जाते आणि महागडे टायर एका कडेने झिजू लागतात. म्हणून वेळ नेमून द्यावी, गाडी न बसल्यास दुसरा दिवस ठेवावा. नट समोरासमोरचे आळीपाळीने, टॉर्क पान्याने घट्ट करून घ्यावेत आणि ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासावेत. हवा टायर थंड असताना भरावी.

बिल युनियनच्या नावे एकत्र न घेता प्रत्येक सभासदाच्या नावे, गाडीचा नंबर आणि टायरचा क्रमांक लिहून घ्यावे. वॉरंटीचा दावा करायची वेळ आली तर तेच लागते. काही वॉरंटी योजना टॅक्सीला लागू होत नाहीत, म्हणून कार्डावरची अट पैसे देण्याआधी वाचावी. सचिवांनी पुढचा निरोप पाठवताना टक्का लिहू नये. टायरचे नाव, माप, उत्पादनाचा आठवडा, सगळ्या कामासह भाव आणि जुन्या टायरची किंमत लिहावी.