इसबगोल, पित्तरस आणि रक्तातील कोलेस्टेरॉल

आमच्या बाह्यरुग्ण विभागात आलेले एक ५८ वर्षांचे गृहस्थ काहीसे नाराज होते. हृदयविकाराचा त्रास त्यांना कधी झालेला नव्हता. मात्र रक्तातील एलडीएल, म्हणजे धमन्यांत साचणारे कोलेस्टेरॉल, १५८ मिलिग्रॅम होते. आहारात पथ्य पाळून रोज १० ग्रॅम इसबगोल घ्यावे, असा सल्ला त्यांना देण्यात आला होता. दोन महिने त्यांनी तो निष्ठेने पाळला. नव्या अहवालात आकडा आला १५७. ‘‘डॉक्टर, पोट मात्र छान साफ होते,’’ एवढेच समाधान त्यांच्यापाशी होते.

चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. आपल्याकडील घरोघरच्या रीतीप्रमाणे ते रात्री निजण्यापूर्वी कोमट दुधातून सर्व इसबगोल एकदम घेत असत. बद्धकोष्ठासाठी ही वेळ उत्तम आहे. कोलेस्टेरॉलसाठी मात्र ती जवळजवळ वाया जाते. याचे कारण समजण्यासाठी पित्तरसाचा प्रवास पाहावा लागेल.

घरात आपण ‘पित्त उसळले’ असे म्हणतो, तेव्हा बहुधा जठरातील आम्लाचा त्रास अभिप्रेत असतो. येथे उल्लेख आहे तो यकृतात तयार होणाऱ्या हिरवट पिवळ्या पित्तरसाचा. त्यातील मुख्य कार्यकारी घटक म्हणजे पित्ताम्ले. साबण जसा भांड्यावरील तेलाचा ओशट थर सुटा करतो, तशी ही आम्ले अन्नातील स्निग्ध पदार्थांचे सूक्ष्म थेंब करून ते पचनास सुलभ करतात. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, यकृत ही पित्ताम्ले कोलेस्टेरॉलपासूनच घडविते.

या बाबतीत शरीर अत्यंत काटकसरी आहे. पित्ताम्लांचा एकूण साठा अवघा तीन ग्रॅमच्या आसपास असतो. उपाशीपोटी त्याचा बराचसा भाग पित्ताशयात थांबून राहतो. जेवण सुरू झाले की पित्ताशय आकुंचन पावते आणि पित्तरस लहान आतड्यात उतरतो. काम संपल्यावर लहान आतड्याच्या अखेरच्या भागात सुमारे ९५ टक्के पित्ताम्ले पुन्हा शोषली जातात व रक्तावाटे यकृताकडे परततात. हे चक्र दिवसातून अनेक वेळा फिरते. मलावाटे बाहेर जातात ती दिवसाकाठी जेमतेम अर्धा ग्रॅम, आणि तेवढीच यकृताला नव्याने तयार करावी लागतात.

इसबगोल या काटकसरीत अडथळा आणते. आपल्या शेजारच्या गुजरात व राजस्थानात पिकणाऱ्या या वनस्पतीच्या बियांवरील पातळ साल म्हणजे आपण बाजारातून आणतो ते इसबगोल. चांगल्या प्रतीच्या एक ग्रॅम सालीचा पाण्यात फुगून चाळीस मिलिलिटरहून अधिक गोळा होतो. पेल्यात दहा मिनिटे ठेवून पाहिल्यास हा बुळबुळीत गोळा डोळ्यांना दिसतो. आतड्यातही तेच घडते. अन्न व पित्तरस त्या गोळ्यात मिसळतात आणि पित्ताम्ले त्याच्या जाळ्यात अडकतात. ‘इसबगोल पित्ताम्लांना बांधून ठेवते’ असे म्हटले जाते, ते मुख्यतः या अर्थाने. ही घट्ट रासायनिक गाठ नसून दाट चिखलात पाय रुतावा तसा प्रकार आहे. रुतलेली पित्ताम्ले शोषणाच्या जागेपर्यंत पोहोचूनही आतड्याच्या भिंतीला पुरेशी भिडत नाहीत आणि मलाबरोबर निघून जातात. गव्हाच्या कोंड्यातील चोथा पाण्यात असा गोळा धरीत नाही, म्हणून पोट साफ करण्यास उपयोगी असूनही तो कोलेस्टेरॉल उतरवीत नाही.

आता यकृतापुढे तूट उभी राहते. ती भरून काढण्यासाठी ते अधिक कोलेस्टेरॉल पित्ताम्लांत रूपांतरित करू लागते आणि कच्चा माल म्हणून रक्तातील एलडीएल कण ओढून घेते. त्यासाठी यकृताच्या पेशी आपल्या पृष्ठभागावरील एलडीएल पकडणाऱ्या ग्राहकांची संख्या वाढवितात. परिणामी रक्तातील एलडीएल उतरते.

पित्ताम्लांची वाट अडविली तर कोलेस्टेरॉल खरोखर उतरते, याचा ढळढळीत पुरावा शस्त्रक्रियेतून मिळाला. अमेरिकेतील मिनेसोटा येथे हेन्री बुखवाल्ड या शल्यविशारदांनी १९६३ पासून लहान आतड्याचा अखेरचा भाग वळसा घालून टाळण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मोठ्या अभ्यासात या रुग्णांचे एलडीएल सुमारे ३८ टक्क्यांनी कमी राहिल्याचे दिसले. त्या मानाने इसबगोलाचे जाळे विरळच म्हणावे लागेल. रोज सुमारे १० ग्रॅम घेतल्यास साधारण ५ ते १० टक्के घट अपेक्षित असते.

आमच्या रुग्णाची चूक आता वाचकांच्या ध्यानी आली असेल. जेवणानंतर तीन तासांनी घेतलेल्या इसबगोलाची पित्तरसाशी गाठ पडण्याची मोठी संधी हुकलेली असते. त्यांना तेच १० ग्रॅम दोन भागांत, दोन्ही जेवणांच्या वेळी, प्रत्येकी पेलाभर पाण्यातून घेण्यास सांगितले. मात्रा त्यांनी स्वयंपाकघरातील काट्यावर एकदा तोलून घेतली. हे आवश्यक होते, कारण अख्खी साल हलकी व भुकटी जड असल्याने चमच्याचा हिशेब फसतो. आठ आठवड्यांनी एलडीएल १४६ आले. त्यावर लगेच विश्वास ठेवला नाही. औषधात काहीही बदल नसताना याच माणसाचा आकडा दोन तपासण्यांत पाच ते दहा टक्क्यांनी सहज हलू शकतो. म्हणून दोन आठवड्यांनी त्याच प्रयोगशाळेत पुन्हा तपासणी केली, तेव्हा तो १४८ होता. सरासरी १४७, म्हणजे मूळच्या १५८ पेक्षा सुमारे ७ टक्क्यांनी कमी.

घट याहून फारशी वाढत नाही, यालाही कारण आहे. तूट भरण्यासाठी यकृत केवळ रक्तातून कोलेस्टेरॉल ओढीत नाही, तर स्वतःही नवे तयार करू लागते. स्टॅटिन वर्गातील गोळ्या नेमकी ही निर्मिती रोखतात, त्यामुळे दोहोंची जोडी चांगली जमते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात १० मिलिग्रॅम सिमव्हास्टॅटिनसोबत रोज १५ ग्रॅम इसबगोल दिल्यावर २० मिलिग्रॅम गोळीइतकाच परिणाम आढळला. मात्र हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले काही रुग्ण ‘नैसर्गिक उपाय सापडला’ म्हणून गोळी परस्पर बंद करतात. झटक्यानंतर एलडीएल जितके खाली आणावे लागते, तितके ७ टक्क्यांनी साधत नाही. अशा रुग्णांनी इसबगोल गोळीच्या जोडीला घ्यावे, गोळीच्या जागी नव्हे.

जो गोळा पित्ताम्ले अडवितो, तो औषधेही अडवू शकतो. थायरॉईडची गोळी, डिगॉक्सिन यांसारखी औषधे इसबगोलाच्या किमान दोन तास आधी वा नंतर घ्यावीत आणि आपल्या डॉक्टरांना तशी कल्पना द्यावी. कोरडे इसबगोल तोंडात टाकून वर घोटभर पाणी पिण्याची सवय धोकादायक आहे. ते अन्ननलिकेतच फुगून अडकू शकते. पेलाभर पाण्यात ढवळून ते घट्ट होण्यापूर्वीच प्यावे. गिळताना त्रास होणाऱ्या किंवा आतडे अरुंद झालेल्या रुग्णांनी ते घेऊ नये. पहिल्या आठवड्यात अर्धी मात्रा ठेवल्यास पोट फुगल्याची तक्रार कमी होते.

इसबगोल थांबविले की पित्ताम्लांची परतीची वाट पुन्हा मोकळी होते आणि काही आठवड्यांतच एलडीएल पूर्वीच्या पातळीकडे चढू लागते. आमच्या रुग्णांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी विचारले, ‘‘मग प्रवासातही बरोबर न्यायचे का?’’ होकार मिळताच पाच पाच ग्रॅमच्या पुड्या करून देण्याचे काम त्यांनी घरी नातीकडे सोपविले.