आटलेली टोपी, सैल पडलेली टोपी

वोल्फ्सबुर्गमध्ये हिवाळा आला की दाराजवळच्या खुंटीवर तीन गोष्टी हमखास लटकतात: भारतातून आजीने विणून पाठवलेली लोकरीची टोपी, लोकरीचे हातमोजे आणि फाउ एफ एल वोल्फ्सबुर्ग या फुटबॉल क्लबचा हिरवा-पांढरा मफलर. मार्चमध्ये या तिन्ही वस्तू एकदमच मळक्या दिसू लागतात आणि एकदमच मशीनमध्ये जातात. मग टोपी बाहुलीच्या मापाची होते, मोजे ताठ होतात आणि मफलर लांबट, लुळा पडतो. ‘आकार बिघडला’ असे आपण तिन्हींबद्दल म्हणतो, पण यात तीन वेगवेगळ्या गोष्टी घडलेल्या असतात. त्यांतली एक दुरुस्त होते, बाकीच्या दोन होत नाहीत. म्हणून आधी त्या ओळखायला हव्यात.

लोकर आटते म्हणजे काय?

पावसाळ्यानंतर माळावरून चालताना कपड्यांत कुसळ शिरते, ते आठवा. आपण जितके हालतो तितके ते आत सरकते. उलट बाहेर येत नाही, कारण त्याच्या अंगावरचे बारीक काटे एकाच दिशेला वळलेले असतात. लोकरीचा तंतूही असाच असतो. मेंढीच्या केसावर कौलांसारखे एकावर एक चढलेले खवले असतात आणि त्यांची टोके केसाच्या टोकाकडे वळलेली असतात. त्यामुळे तंतूला मुळाच्या दिशेने सरकणे सोपे जाते आणि उलट दिशेने सरकणे अवघड.

ओली लोकर घासली, चुबकली किंवा ड्रममध्ये आपटली की प्रत्येक तंतू थोडाथोडा एकाच दिशेला सरकतो आणि शेजारच्या तंतूंत अडकतो. हजारो तंतूंचे असे झाले की विणीचे फासे एकमेकांत ओढले जातात आणि कापड जाड, घट्ट, लहान होते. काश्मिरी नमदा मुद्दाम असाच बनवतात. लोकर पसरायची, साबणाचे पाणी शिंपडायचे आणि गुंडाळी करून दाबत लाटायची. तुमच्या टोपीचाही मशीनमध्ये नमदाच झालेला असतो.

यात मुख्य दोष घासण्याचा आहे. ऊन पाणी आणि अल्कधर्मी साबण त्याला मदत करतात. त्यांनी तंतू फुगतो, लवचीक होतो आणि जास्त सहज सरकतो. नुसत्या कोमट पाण्यात शांत पडून राहिलेली लोकर आटत नाही.

सैल पडणे वेगळे

लोकर आणि आपले केस एकाच प्रथिनाचे, केराटिनचे बनलेले असतात. ओल्या केसांची वेणी घालून ती तशीच वाळू दिली की केस नागमोडी राहतात. ओलेपणी केराटिनच्या साखळ्यांमधले हलके हायड्रोजन बंध सुटतात आणि वाळताना, त्या क्षणी जो आकार असेल त्यात, पुन्हा जुळतात. ओली टोपी दोरीवर टांगली की पाण्याच्या वजनाने ती लांबते आणि लांबलेल्याच आकारात वाळते. हे बंध पाण्याने पुन्हा सुटतात, म्हणून अशी टोपी पुन्हा भिजवून मूळ आकार देऊन वाळवली की बरीचशी पूर्ववत होते.

फरक ओळखायचा तर टोपी उजेडासमोर धरून हलकी ताणा. फासे एकेक स्पष्ट दिसत असतील तर ती फक्त सैल पडली आहे. फासे दिसेनासे होऊन पृष्ठभाग कांबळ्यासारखा एकसंध झाला असेल तर ती आटली आहे. ती ताणून थोडीफार मोठी होईल, पण अडकलेले तंतू सुटणार नाहीत.

मफलरचे गणित निराळे

असे क्लबचे मफलर बहुधा ॲक्रिलिकचे असतात. ॲक्रिलिकला खवले नाहीत, त्यामुळे ते असे आटत नाही. पण ते उष्णतेने मऊ होणारे प्लास्टिक आहे आणि भिजल्यावर ते कोरड्यापेक्षा कमी तापमानालाच मऊ पडते. टॉवेलांबरोबर 60 अंशांवर धुऊन गरम असतानाच पिळला गेला, तर फुगीर वीण चपटी होते, ताणलेला भाग तसाच थंड होतो आणि तो आकार कायम राहतो. म्हणून मफलर 30 अंशांवर धुवा. ड्रायर, इस्त्री आणि तापलेला हीटर यांपासून तो दूर ठेवा.

लेबल कापून टाकले असेल तर आतल्या बाजूचा एक धागा चिमट्यात धरून सिंकवर जाळून पाहा. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि बोटाने चुरडणारी राख उरते. ॲक्रिलिक वितळते आणि त्याचा कडक काळा मणी होतो. तो थंड झाल्याशिवाय हात लावू नका.

एका अक्षराचा सापळा

दुकानात दोन बाटल्या शेजारी असतात: फोलवाशमिटेल आणि वोलवाशमिटेल. जर्मन लिपीत फरक फक्त पहिल्या अक्षराचा आहे आणि आपण इंग्रजीच्या सवयीने दोन्ही ‘व्ह’ने वाचतो. पहिले ‘सर्व कपड्यांसाठी’चे. त्यात सहसा प्रथिने तोडणारी विकरे असतात आणि ते अल्कधर्मी असते. रक्ताचा किंवा अंड्याचा डाग काढणारे विकर लोकरीच्या प्रथिनालाही सोडत नाही. एका धुण्यात भोक पडणार नाही, पण धागा दरवेळी थोडा अशक्त होतो. दुसरे खास लोकरीचे, सौम्य. टोपी-मोज्यांसाठी तेच घ्या.

टोपी धुण्याची रीत

धुण्यापूर्वी टोपी कागदावर सपाट ठेवून पेन्सिलीने बाह्यरेषा काढा. मोज्यांचीही काढा. बादलीत पाचेक लिटर कोमट पाणी घ्या. हाताला ऊनही लागू नये, गारही. बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात वोलवाशमिटेल आधी पाण्यात विरघळवा, मग टोपी बुडवा. दहा मिनिटे राहू द्या आणि हलके दाबून पाणी आरपार जाऊ द्या. घासू नका. कपाळाच्या पट्टीवर तेलकट मळ असेल तर तिथे थोडे जास्त वेळा दाबा. तितक्याच कोमट पाण्यात दोनदा खंगाळा.

टोपी उचलताना खाली तळहाताचा आधार द्या. पिळू नका. कोरड्या टॉवेलवर ठेवा, टॉवेलची गुंडाळी करा आणि वरून दाबा. मग कागदावरच्या रेषेशी जुळवून हाताने आकार द्या. टोपी उपड्या वाडग्यावर, मोजे सपाट टॉवेलवर वाळवा. हीटरपासून लांब ठेवा आणि अधूनमधून उलटा.

मशीनच वापरायचे असेल तर लेबलवरचे टबचे चिन्ह पाहा. त्याखाली दोन रेषा असतील तर लोकरीचा प्रोग्राम चालतो. टबात हात असेल तर हातानेच धुवा. टबावर फुली असेल तर पाण्यात घालूच नका. लोकरीच्या प्रोग्रामात पाणी जास्त असते आणि ड्रम नुसता झुलतो, म्हणून घर्षण कमी होते. वस्तू जाळीच्या पिशवीत घाला. जीन्स किंवा टॉवेल सोबत टाकू नका. शेवटच्या हलक्या फिरकीची भीती बाळगू नका. तेव्हा कपडा ड्रमला चिकटून स्थिर असतो, त्यामुळे हाताने पिळण्यापेक्षा ती लोकरीला सोसते.

काही लोकरीच्या वस्तूंवर मशीनमध्ये धुता येते असे लिहिलेले असते. त्या लोकरीचे खवले कारखान्यातच रासायनिक प्रक्रियेने बोथट केलेले किंवा पातळ थराने झाकलेले असतात. आजीने साध्या लोकरीने विणलेल्या टोपीला ही सवलत नाही, म्हणून ती नेहमी बादलीतच धुवा.