संपूर्ण नावातून नाव आणि आडनाव वेगळे करताना

लाभार्थींच्या यादीत संपूर्ण नाव बहुधा एकाच रकान्यात लिहिलेले असते. बँकेकडे पाठवावयाच्या नमुन्यात मात्र नाव व आडनाव यांसाठी स्वतंत्र रकाने असतात. अशा वेळी एक्सेलमध्ये मोकळ्या जागेवरून नावाचे तुकडे केले जातात. 'सुनंदा रामचंद्र जाधव' या नावात आडनाव तिसऱ्या रकान्यात जाते, 'अशोक पवार' मध्ये ते दुसऱ्या, तर 'विठ्ठल कृष्णा दादा मोरे' मध्ये चौथ्या रकान्यात जाते. परिणामी वडिलांचे नाव आडनावाच्या रकान्यात बसते आणि खात्याशी जुळणी होत नाही.

यावर उपाय म्हणजे मधली नावे मोजत न बसता पहिला आणि शेवटचा शब्द तेवढा उचलणे. मूळ नाव A2 मध्ये आहे असे धरून प्रथम B2 मध्ये ते स्वच्छ करावे. संगणकावरील पानांवरून घेतलेल्या याद्यांत पुष्कळदा न तुटणारी मोकळी जागा असते. ती डोळ्यांना दिसत नाही आणि केवळ TRIM ने जात नाही.

```
B2: =TRIM(SUBSTITUTE(A2,UNICHAR(160)," "))
C2: =LEFT(B2,FIND(" ",B2&" ")-1)
D2: =TRIM(RIGHT(SUBSTITUTE(B2," ",REPT(" ",100)),100))
E2: =LEN(B2)-LEN(SUBSTITUTE(B2," ",""))
```

C2 मधील सूत्र पहिल्या मोकळ्या जागेपर्यंतचा भाग घेते. त्यात नावाच्या शेवटी एक जागा जोडलेली असल्याने एकेरी नावावरही चूक दाखविली जात नाही. D2 मधील सूत्र प्रत्येक मोकळ्या जागेऐवजी शंभर जागा घालते. त्यामुळे उजवीकडची शंभर अक्षरे घेतली असता त्यांत शेवटचा शब्दच येतो, आणि TRIM उरलेल्या जागा काढून टाकते. वरील तिन्ही नावांत अनुक्रमे जाधव, पवार व मोरे असेच उत्तर मिळते.

E2 मध्ये मोकळ्या जागांची संख्या येते. शून्य आल्यास आडनाव लिहिलेलेच नाही असे समजावे, कारण तेव्हा C2 व D2 मध्ये एकच शब्द दिसतो. तीन किंवा अधिक आल्यास ती ओळ डोळ्यांखालून घालावी. नावाआधी 'श्री.' किंवा 'सौ.' असल्यास तेच नाव म्हणून उचलले जाते. म्हणून ही संबोधने आधीच काढून टाकणे इष्ट होय.

सूत्राला शब्दांचा क्रम कळतो, अर्थ कळत नाही. 'मीना देशपांडे कुलकर्णी' यात माहेरचे व सासरचे अशी दोन्ही आडनावे असली तरी सूत्र फक्त कुलकर्णी देईल. यादीत आडनाव आधी लिहिले असेल, म्हणजे 'जाधव सुनंदा रामचंद्र', तर D2 मध्ये रामचंद्र येईल. ही चूक ओळखण्यासाठी D स्तंभ अकारविल्हे लावून वाचावा. आडनावांच्या रांगेत व्यक्तिनाम आले की ते लगेच नजरेत भरते. मूळ A स्तंभ मात्र पडताळणी पूर्ण होईपर्यंत पुसू नये.