वरातीच्या घोडीचा खुराक

प्रश्न : आमची घोडी लग्नसराईत वरातीला जाते, वजन अंदाजे 300 किलो. रात्री परतल्यावर तीन किलो भिजवलेला हरभरा एकदम देतो. परवा पोट दुखून लोळली. काय चुकतंय? – एक वाचक, फुलंब्री

उत्तर : हरभरा वाईट नाही, एकदम देणं वाईट. घोड्याचं जठर लहान असतं आणि त्याला ओकता येत नाही. जास्त झालेलं धान्य न पचता मोठ्या आतड्यात उतरतं, तिथं आंबतं, गॅस धरतो. कधी खुरांनाही सूज येते.

आधी वैरण ठरवा : दिवसभरात पाच-सहा किलो कोरडा कडबा किंवा गवत, थोडं थोडं करून. बुरशीचा कडबा नको, कोवळी हिरवी ज्वारी तर मुळीच नको, ती विषारी असते. वरातीहून आल्यावर घोडी थंड होऊ द्या, घोट-घोट पाणी पाजा, मग कडबा टाका. धान्य तासाभरानं, तेही किलोभरच. त्यात निम्मा हरभरा, निम्मा कोंडा चालेल. दुसरा किलो सकाळी द्या. काम नसेल त्या दिवशी निम्मं करा, लोक नेमकं तेच विसरतात. हा बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करा.

घोडी कुशीकडे वळून पाहू लागली, पाय आपटू लागली, लीद थांबली, तर चारा काढून घ्या आणि लगेच पशुवैद्यक बोलवा. तोंडातून तेल ओतू नका, ते फुफ्फुसात जाऊ शकतं.